सायलेन्सर लावला तरी बार ऐकू येतोच

२०१७ साली आलेल्या ‘जॉन विक : चॅप्टर २’ या चित्रपटात एक प्रसंग आहे. न्यूयॉर्कमधलं पांढरंशुभ्र, भव्य रेल्वे स्थानक. घरी निघालेल्या माणसांची गर्दी, आणि त्या गर्दीतून समांतर चालणारे दोन मारेकरी. कोटाआड धरलेली पिस्तुलं, नळीच्या टोकाला सायलेन्सर. चालता चालता दोघं एकमेकांवर गोळ्या झाडतात. फुट्... फुट्... शेजारून जाणारा एकही माणूस मान वळवून पाहत नाही.

प्रसंग झकास जमलाय, पण खऱ्या स्थानकात पहिल्या गोळीलाच पळापळ झाली असती.

९ मिलिमीटरचं साधं पिस्तूल झाडलं आणि नळीपासून १ मीटरवर आवाज मोजला, तर त्याचं क्षणिक शिखर १६० डेसिबलच्या आसपास जातं. चांगला सायलेन्सर त्यातले साधारण ३० डेसिबल उतरवतो. म्हणजे उरतात १३०. डेसिबलचा हिशेब मात्र सरळ वजाबाकीचा नाही. ३० डेसिबल उतरले म्हणजे हवेला बसणारा दाबाचा धक्का सुमारे ३२ पटींनी कमी झाला. कमाल आहे, यात शंका नाही. पण आपला कान फार उदार आहे. दर १० डेसिबलला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. त्या मापानं बार कानाला आठव्या हिश्श्याइतका वाटेल. मूळ आवाजच एवढा प्रचंड की त्याचा आठवा हिस्साही लपत नाही.

दिवाळीची आठवण ठेवली तर हे चटकन उमगेल. भारतातल्या नियमांनुसार फटाक्याच्या आवाजाचं शिखर ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. त्यामुळे १ मीटरवर १६० असलेलं पिस्तूल ४ मीटरवर १४८ भरतं. म्हणजे उघड्या पिस्तुलाचा बार नियमात बसणाऱ्या सर्वांत दणदणीत बॉम्बपेक्षा थोडा चढाच. सायलेन्सर लावल्यावर तोच बार ११८ च्या घरात येतो. बॉम्बच्या जागी लहान फटाका आला, इतकंच. आता तो फटाका स्थानकाच्या गुळगुळीत फरशीच्या, घुमणाऱ्या दालनात वाजवून पाहा. १० मीटरवर तो अजून ११० डेसिबल असेल आणि गर्दीचा गलबला ७० च्या आसपास. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. हा आवाज काही सहस्रांश सेकंदच टिकतो, त्यामुळे तितक्याच डेसिबलच्या सलग भोंग्याइतका तो कर्कश वाटत नाही. पण अचानक झालेल्या ‘ठप्प’वर माणूस दचकतोच.

मग सायलेन्सर नेमकं करतो काय?

त्यासाठी प्रेशर कुकरकडे पाहावं. शिटी वर उचलली की कोंडलेली वाफ ‘फुस्स’ करत काही वेळ निघत राहते. तीच वाफ झाकण उडून एका क्षणात बाहेर पडली, तर शेजारचे धावत येतात. वाफ तेवढीच, दाबही तेवढाच. फरक फक्त बाहेर पडायला लागलेल्या वेळाचा. बंदुकीत चाप ओढला की काडतुसातली दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलत नेतो. गोळीनं नळीचं तोंड सोडलं की मागचा तापलेला, बाहेरच्या हवेच्या शेकडो पट दाबाचा वायू एकदम मोकळा होतो. बार म्हणतात तो मुख्यतः हाच: झाकण उडालेला कुकर.

सायलेन्सर म्हणजे या वायूसाठी नळीपुढे जोडलेली पोकळी. आत आडव्या पडद्यांनी एकामागोमाग कप्पे केलेले असतात. वायू एका कप्प्यात पसरतो, भोवऱ्यासारखा घुमतो, धातूला उष्णता देऊन थोडा निवतो, मग पुढच्या कप्प्यात जातो. बाहेर येईपर्यंत त्याचा दाब आणि घाई दोन्ही उतरलेली असतात. काही गोळ्यांनंतर नळकांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं, ते याच वसुलीमुळे.

पण प्रत्येक पडद्याच्या मधोमध गोळी जाईल एवढं भोक ठेवावंच लागतं, आणि ज्या वाटेनं गोळी जाते त्या वाटेनं वायूही जातो. भोक बंद करता येत नाही, आणि नळकांडं बादलीएवढं केलं तर बंदूक उचलणार कोण? ३० डेसिबलच्या आसपास येऊन गाडी अडते ती इथे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हेरांसाठी ‘वेलरॉड’ नावाचं पिस्तूल बनवलं, त्यात गोळीनं स्वतःच भेदून जायच्या रबरी चकत्या होत्या. भोक जवळजवळ मिटलेलं, म्हणून आवाज फारच कमी. पण मोजक्याच गोळ्यांत चकत्या फाटत आणि पिस्तूल पुन्हा बोलकं होई. चित्रपटातल्या ‘फुट्’च्या सर्वांत जवळ जाणारं खरं हत्यार बहुधा हेच, आणि तेही दर गोळीला हातानं खिट्टी ओढून पुन्हा भरावं लागे.

आणखी एक गंमत चित्रपटात कधी दिसत नाही. सायलेन्सरमधून सुटणारी पहिली गोळी बहुतेकदा पुढच्या गोळ्यांपेक्षा जास्त आवाज करते. आतल्या कप्प्यांत साधी हवा असते, तिच्यात प्राणवायू असतो आणि अर्धवट जळालेला वायू त्यात पेट घेतो. दुसऱ्या गोळीच्या वेळी आत धूरच भरलेला असतो, पेटायला काही उरत नाही. म्हणजे पडद्यावरचा मारेकरी ज्या एकाच गोळीवर विसंबतो, नेमकी तीच सगळ्यांत बोलघेवडी.

हे सगळं झालं नळीच्या तोंडाशी होणाऱ्या आवाजाबद्दल. दुसरा आवाज बंदूक करतच नाही. तो गोळी करते, तीही वाटेवर. २० अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्याहून वेगानं जाणारी गोळी हवेला बाजूला व्हायलाही वेळ देत नाही. होडीच्या नाकाडामागे पाण्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी लाट फाकते, तशी दाबाची लाट गोळीमागे फाकत जाते आणि ज्याच्या कानावरून जाते त्याला चाबूक कडाडल्यासारखा आवाज येतो. सायलेन्सर राहिला मागे, नळीला चिकटलेला. वाटेवरच्या या कडाक्याचं तो काय करणार?

शिकारीच्या नेहमीच्या रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या पुढे जाते, तिथे तर प्रश्नच नाही. ९ मिलिमीटरचं पिस्तूल मात्र अगदी उंबरठ्यावर असतं. समजा, एक गोळी सेकंदाला ३४५ मीटरनं निघाली. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो: शून्य अंशाला ३३१, ४० अंशाला ३५५. म्हणजे हिमवर्षावातल्या ऑस्लोमध्ये ती कडाडेल आणि मे महिन्यातल्या नागपुरात तीच गोळी कडाक्याविना निघून जाईल.

यावर उपाय एकच, गोळी मुद्दाम मंद करायची. ब्रिटिश कमांडोंसाठी बनवलेल्या डी लाइल कार्बाइनमध्ये पॉइंट ४५ पिस्तुलाचं काडतूस वापरलं गेलं. ती गोळी जड आणि मुळातच संथ, सेकंदाला २६० मीटरच्या आसपास. जर्मनीच्या एमपी५एसडीमध्ये नळीलाच भोकं ठेवली आहेत. वायू आधीच निसटतो आणि नेहमीची गोळीही आवाजाच्या वेगाखाली राहते. पण वेग गेला की गोळीचा पल्ला आणि मारकशक्ती दोन्ही घटतात.

सैन्याला तरीही सायलेन्सर हवा असतो. कारण शांतता नव्हे, गोंधळ. ३०० मीटरवरून कुणी रायफल झाडली असं धरू. सरासरी ७५० मीटरच्या वेगानं गोळी ०.४ सेकंदात पोहोचते आणि कानाशी कडाडते. नळीचा बार मात्र ०.८७ सेकंदांनी येतो. सरावलेला सैनिक या दोन आवाजांमधल्या अर्ध्या सेकंदावरून अंतर ताडतो आणि दुसऱ्या आवाजावरून दिशा. सायलेन्सर नेमका तो दुसरा आवाज पुसतो. कडाका उरतो, पण तो गोळीच्या वाटेवरून येत असल्यानं माणूस भलतीकडेच पाहत बसतो. नॉर्वे, फिनलंडमधल्या शिकाऱ्यांचं कारण त्याहून घरगुती आहे, स्वतःचे कान. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात आणि सायलेन्सर बार त्या रेषेच्या आसपास किंवा खाली आणतो.

हा कानांचा मुद्दा मॅक्सिम घराण्याला चांगलाच ठाऊक होता. मशिनगन शोधणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचे कान तोफा-बंदुकांच्या चाचण्यांनी पार गेले होते. त्यांच्याच मुलानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, १९०९ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. मोटारीच्या धुराड्याचा आवाज दाबण्यामागचं तत्त्वही हेच आहे. बुलेटचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर ही एका कुळातली भावंडं. आणि बुलेटचा सायलेन्सर बुलेट मुकी करतो असं तर कुणीच म्हणणार नाही. मॅक्सिमनं विकण्यासाठी दिलेलं हे नाव अमेरिकेच्या कायद्यात आजही टिकून आहे. जाणकार मात्र ‘सप्रेसर’ म्हणतात, म्हणजे आवाज दाबणारा.

पुढच्या वेळी पडद्यावर कुणी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावताना दिसला, तर नळीच्या पुढच्या नव्हे, मागच्या टोकाकडे पाहा. काडतुसांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते, आणि बार झाला की वायू तिथूनच बाहेर उसळतो. पुढे कितीही कप्पे लावले तरी मागचं हे दार उघडंच. रशियाच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढताच चक्र पुढे सरकून ही फट बुजवतं, म्हणून तिथे सायलेन्सर लागू पडतो. बाकीच्यांना तो फक्त शोभेला.