एक्क्याला खाणारा गुलाम

अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायोकडे घरोघरी खेळल्या जाणाऱ्या युकरमध्ये नव्वीपासून एक्क्यापर्यंतची २४ पानं असतात. बदाम हुकूम ठरला की बदाम गुलाम सर्वांत मोठा; तो ‘उजवा बावर’. त्याच्या खालोखाल चौकट गुलाम, ‘डावा बावर’. बदाम एक्का थेट तिसरा!

नवखे फसतात ते डाव्यापाशी. त्या डावापुरता चौकट गुलाम बदामच असतो. चौकटची उतारी झाली आणि हातात दुसरं चौकट नसेल, तर तो टाकायची सक्ती नाही.

चौघांना पाच-पाच पानं वाटून एक उघडं ठेवतात. समजा, ती बदाम दश्शी आहे. कुणी बदाम हुकूम मान्य केला, की वाटणारा ती उचलतो आणि हातातलं एक पान टाकतो. तुमच्याकडे चौकट गुलाम, बदाम राजा, बदाम नव्वी, इस्पिक एक्का आणि एक फुटकळ पान आहे. वाटणारा भिडू असेल, तर बेलाशक उचलायला सांगावं. विरोधक असला, तरी हा हात पुरेसा दणकट आहे.

उघडं पान बदाम गुलामच असेल आणि वाटणारा विरोधक, तर मात्र सबुरी बरी. उजवा बावर त्याच्या हाती जातो. पाचांपैकी तीन हात झाले नाहीत, तर दोन गुणही विरोधकांनाच.