रिकाम्या कॅनमध्ये दडलीय वीज! भंगारात देताना लोखंड आणि पाणी ठेवा बाजूला

लग्न, जत्रा झाली की गावाच्या कडेला थंड पेयांच्या रिकाम्या कॅनचा ढीग पडतो. हा पत्रा अॅल्युमिनियमचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'जर्मन' म्हणतात त्याच धातूचा. तो नव्याने बनवायला भरपूर वीज लागते, जुना वितळवायला मात्र फारच थोडी.

कारण असं, की अॅल्युमिनियम जमिनीत मोकळा सापडत नाही. बॉक्साइट या दगडात तो ऑक्सिजनला घट्ट चिकटलेला असतो. हा दगड आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही निघतो. एक किलो धातूसाठी साधारण चार किलो बॉक्साइट लागतं. आधी त्यातून पांढरी भुकटी काढतात. मग सुमारे 960 अंश तापमानाच्या भट्टीत त्या भुकटीतून वीज सोडून ऑक्सिजन वेगळा करतात. या एका टप्प्यालाच किलोमागे सुमारे 14 युनिट वीज जाते.

कॅनमधला धातू मात्र आधीच सुटा झालेला असतो. तो 660 अंशाला वितळतो, त्यामुळे नव्याच्या तुलनेत जवळपास 95 टक्के ऊर्जा वाचते.

हिशोब करून बघू. एक रिकामा कॅन साधारण 14 ग्रॅमचा, म्हणजे हजार कॅनचे 14 किलो झाले. एवढा धातू नव्याने बनवायला जवळपास 200 युनिट लागतात. पाच एचपीची मोटार तेवढ्यात सुमारे 50 तास चालेल. जुने कॅन वितळवायला मात्र साधारण 10 युनिटइतकीच ऊर्जा पुरते.

पण माल खराब असेल तर हा फायदा घटतो. लोखंड वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये विरघळतं आणि मग ते सहज काढता येत नाही, धातू ठिसूळ होतो. म्हणून भंगारवाला लोहचुंबक लावून बघतो. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम असण्याची शक्यता जास्त. घरीही ही तपासणी करता येते. पातेल्याच्या मुठीचे स्क्रू आणि पत्र्याचे डबे आधीच वेगळे काढले, तर अख्ख्या पोत्याला लोखंडाचा कमी भाव लागत नाही.

काही जण वजन वाढावं म्हणून कॅनमध्ये माती किंवा पाणी भरतात. हे जिवावर बेतू शकतं. बंद कॅनमधलं पाणी भट्टीत पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू स्फोटासारखा उडतो. म्हणून कॅन रिकामा, कोरडा करूनच द्यावा.

रंग घालवायला कॅन उघड्या जाळात टाकू नयेत. पातळ पत्रा हवेशी संयोग पावून बराचसा राखेत जातो आणि वजन घटतं. वेफर्सच्या चकचकीत पिशव्याही यात टाकू नयेत. त्या प्लास्टिकच्याच असतात, वर धातूचा नुसता अतिपातळ थर असतो.