महिन्याचा शेवटचा दिवस कुठे गेला?

आता आपण डॅशबोर्डवरच्या विक्रीच्या आलेखाकडे येऊ. मार्चचा आलेख उघडलाय, ३० तारखेपर्यंत रोजचे खांब दिसतात आणि ३१ ची जागा रिकामी. दुकान तर त्या दिवशी चालू होतं! रोजचे खांब असले तर हे निदान दिसतं. महिन्याला एकच खांब असेल, तर तो थोडासा बुटका असतो आणि कुणाला शंकाही येत नाही. विक्रेत्यांचं कमिशन मात्र त्याच आकड्यावर निघतं.

बहुतेक वेळा मागे अशी अट सापडते:

```sql
WHERE sold_at BETWEEN '2024-03-01' AND '2024-03-31'
```

`BETWEEN` दोन्ही टोकं धरतं, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून इथे संशयच येत नाही. पण `sold_at` मध्ये तारखेबरोबर वेळही आहे. नुसती तारीख दिली की डेटाबेस तिला वेळ जोडतो, मध्यरात्रीची, 00:00:00. म्हणजे ३१ मार्च उजाडायच्या आधीच आपली मर्यादा संपली. त्या दिवशी सकाळी दहाला फाडलेलं बिल बाहेरच राहिलं.

ओळखायचं कसं? समजा, रोजची विक्री बरोबर १०,००० रुपये आहे. २०२४ च्या पहिल्या तिमाहीचे दिवस ९१, म्हणजे विक्री ९,१०,०००. तीन महिने वेगवेगळे काढले तर ३०, २८ आणि ३० दिवस मोजले जातात, बेरीज ८,८०,०००. तीच तिमाही एका झटक्यात काढली तर ९,००,०००, कारण आता फक्त ३१ मार्च गळतो. ३१ जानेवारी आणि २९ फेब्रुवारी मधे आल्यामुळे वाचतात. दोन आकड्यांतला फरक नेमका या दोन दिवसांच्या विक्रीइतका भरला, की चोर सापडला.

काही जण शेवटी `23:59:59` लिहून मोकळे होतात. आम्हाला ते ठिगळ वाटतं. सेकंदाचे अपूर्णांक साठवले जात असतील तर शेवटच्या सेकंदातलं बिल तरीही निसटतं. पुढे `.999` जोडावं, तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना `datetime` प्रकार ते पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीवर नेऊन ठेवतो. त्यापेक्षा हे सरळ:

```sql
WHERE sold_at >= '2024-03-01'
  AND sold_at <  '2024-04-01'
```

एक तारीख धरायची, पुढची एक तारीख सोडायची. महिना २८ चा की ३१ चा, हा प्रश्नच उरत नाही, आणि लगतचे दोन महिने एकमेकांवर चढत नाहीत.

पडद्यावर मात्र वापरणारा ‘१ ते ३१’ हेच निवडणार, आणि त्याचं बरोबरच आहे. त्या ३१ मध्ये एक दिवस मिळवायचं काम आपलं. ते एकाच ठिकाणी करा; पडद्यानेही एक दिवस वाढवला आणि सर्व्हरनेही, तर मार्चच्या आलेखात १ एप्रिलची विक्री येऊन बसते.