पिंड, कावळा आणि तीस शब्द

लघुपट पूर्ण होतो, सबटायटल्स लागतात, आणि महोत्सवाची मुदत संपायच्या आदल्या रात्री इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या एखाद्या मित्राला फोन जातो: ‘चार ओळी लिहून दे ना, फॉर्मवर टाकायच्यात.’ त्या चार ओळी म्हणजे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. लॉगलाइन हे एकच वाक्य, साधारण पंचवीस-तीस शब्दांचं. सिनॉप्सिस म्हणजे सत्तर ते शंभर शब्दांत सांगितलेली गोष्ट. काही महोत्सव याशिवाय दोन-अडीचशे शब्दांचा मोठा सारांशही मागतात. आज बहुतेक प्रवेशिका फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांवरून जातात आणि तिथे हा मजकूर चित्रपटाच्या खिडकीशेजारीच दिसतो. निवड समितीतला माणूस प्ले दाबायच्या आधी तो वाचतो. पुढे चित्रपट निवडला गेला, तर बहुधा तोच मजकूर महोत्सवाच्या पुस्तिकेत छापला जातो.

मराठी पटकथेवरून हा मजकूर लिहिताना अडचण नेमकी कुठे येते, ते एका पटकथेच्या आधाराने पाहू. पटकथा काल्पनिक आहे, पण तिच्यातलं काहीच आपल्याला परकं नाही. नाव ‘दहावा’, पानं चौदा. कृष्णाकाठच्या घाटावर तात्या नावाच्या शेतकऱ्याचा दहावा चालू आहे. थोरला मुलगा गावात शेती बघतो, धाकटा पुण्याहून आलाय आणि सारखा घड्याळाकडे पाहतो. मुलगी सुमन सासरहून आली आहे. पहिल्या पाच पानांत चहा, मुंडण, गुरुजींची घाई, आत्याबाईंची बडबड. सहाव्या पानावर पिंड ठेवले जातात आणि कावळा शिवत नाही. मग रीतसर आश्वासनं सुरू होतात: आईला सांभाळू, बैल विकणार नाही, धाकट्या नातीचं लग्न थाटात करू. कावळा झाडावर बसून राहतो. नवव्या पानावर कळतं, की सुमनच्या पिशवीत हक्कसोडपत्र आहे. भावांनी सकाळीच ते सहीसाठी दिलंय. तात्यांनी मात्र शेवटच्या आजारपणात, थोरल्याच्या समोर, विहिरीकडचं दोन एकर सुमनला द्यायचं म्हटलं होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेतात तेव्हा सुमन म्हणते, ‘दादा, तात्यांना काय हवंय ते तुला ठाऊक आहे.’ चित्रपट तिथेच संपतो.

यावरून घाईत लिहिली जाणारी लॉगलाइन मी पैजेवर सांगतो. ‘अ हार्ट-टचिंग टेल ऑफ रिलेशन्स, ट्रॅडिशन अँड ह्यूमन व्हॅल्यूज.’ यात चुकीचं काही नाही, पण हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही लघुपटाला लावलं तर तिथेही ते चपखल बसेल. ना घाट, ना मुलगी, ना कागद. शिवाय हृदय हेलावलं की नाही हे पाहणाऱ्याने ठरवायचं असतं. आपणच जाहीर केलं की समोरचा सावध होतो.

जरा काळजीपूर्वक लिहिणारा दुसऱ्या टोकाला जातो. तो पटकथेच्या पहिल्या पानापासून निघतो: गाव, नदी, दहावा, जमलेले नातेवाईक, विधीची माहिती. कावळा येईपर्यंत त्याचे तीस शब्द संपतात. पटकथेचा क्रम पडद्यासाठी बांधलेला असतो, तिथे हळूहळू उलगडत जाण्यात मजा असते. लॉगलाइनला तो क्रम मोडावाच लागतो. मी पटकथा हातात आली की समासात प्रत्येक प्रसंगाशेजारी एवढंच लिहितो: इथे कुणाला काय हवंय, आणि कोण अडवतंय. ‘दहावा’मध्ये पाच पानं हा समास कोराच राहतो. सहाव्या पानावर कुटुंबाला कावळा हवाय. नवव्या पानावर पहिल्यांदा एका माणसासमोर निवड उभी राहते, आणि तो माणूस सुमन आहे. म्हणजे चौदापैकी बहुतेक पानं गर्दीची असली, तरी चित्रपट तिचा आहे. वाक्य तिच्यापासून सुरू व्हायला हवं.

इथे दिग्दर्शक हमखास अडतात: कागदाचं आधीच सांगितलं तर धक्का जाईल! मला तसं वाटत नाही. कागद हा धक्का नाही, कागद हा पेच आहे. या चित्रपटात राखून ठेवण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे सुमन तोंड उघडते का. पेच सांगायचा, त्याचा निकाल सांगायचा नाही, ही लॉगलाइनची साधी वाटणी आहे.

आता दुसरा प्रश्न. मराठी प्रेक्षक ‘तिने सरळ नाही का म्हणून टाकलं नाही?’ असं विचारत नाही. भावाशी वाकडं आलं की माहेर तुटतं, दिवाळीला कुणी बोलवत नाही, आईला भेटायलाही दुसऱ्याच्या घरी उतरावं लागतं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून पटकथेत ते कुठेही उच्चारलेलं नाही. परक्या वाचकाला मात्र ही किंमत दिसली नाही, तर सुमन नुसती भित्री वाटते. जे पटकथेने गृहीत धरलं, ते लॉगलाइनला शब्दात आणावं लागतं. या सगळ्यातून वाक्य असं बनतं: ‘अ डॉटर अबाउट टू साइन अवे हर शेअर ऑफ द फॅमिली लँड नोज व्हाय नो क्रो विल टच हर फादर्स फ्युनरल राइस, बट सेइंग सो कुड कॉस्ट हर द ओन्ली फॅमिली शी हॅज लेफ्ट.’ तिसाच्या जरा पुढे गेलं, पण चालेल. माणूस आहे, पेच आहे, किंमत आहे. नाव नाही, कारण एका वाक्यात ‘सुमन’ या नावाने अनोळखी वाचकाला काहीच कळत नाही. ‘मुलगी’ म्हटल्याने कळतं. आणि कावळ्याचा अर्थ मुद्दाम सांगितलेला नाही. न शिवणारा कावळा हे थोडं कोडं राहिलं, तर वाचक सिनॉप्सिसकडे वळतो.

तिथे ते कोडं सोडवायचं, पण अर्ध्या वाक्यात. ‘हिंदू धर्मशास्त्रानुसार मृतात्म्याच्या…’ असं सुरू झालं की गोष्ट थांबते आणि पाठ सुरू होतो. हवं ते एवढंच: पिंडाचा भात कावळ्याने खाईपर्यंत मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे, असं घरचे मानतात. ‘घरचे मानतात’ हे शब्द महत्त्वाचे, कारण चित्रपट स्वतः ते मानतो की नाही, हे त्याने मोकळं ठेवलंय. दर्भाचा कावळा सारांशात आणायचा मोह होईल, पण तो पडद्यावर पाहताच कळतो, त्याला शब्द खर्चू नयेत.

हक्कसोडपत्राचं उलट आहे. ते पडद्यावर नुसतं स्टॅम्पपेपर म्हणून दिसतं. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, आणि म्हणूनच आज बहिणींच्या सह्या लागतात. परदेशी वाचक बहुधा समजतो, की भारतात मुलीला जमीन मिळतच नसेल. मग सुमनची सही त्याला निव्वळ उपचार वाटते. ‘कायद्याने बरोबरीची वारस’ एवढे शब्द घातले, की तिच्याकडे गमावण्यासारखं काही आहे, हे कळतं.

आशय मराठीत सांगायचा तर सिनॉप्सिस असा होईल: वडिलांच्या मृत्यूनंतर दहाव्या दिवशी सुमन, वय ४२, भावांसोबत नदीकाठी उभी आहे. पिंडाचा भात कावळ्याने खाल्ला नाही तर मृताची इच्छा अपुरी राहिली, असं घरचे मानतात. आणि कावळा येत नाही. एकेक नातेवाईक मोठमोठी वचनं देतो. सुमनच्या पिशवीत भावांनी दिलेला कागद आहे. कायद्याने ती बरोबरीची वारस, पण या सहीने तिचा जमिनीवरचा हक्क संपेल. वडिलांनी काय सांगितलं होतं, ते तिला आणि थोरल्या भावाला ठाऊक आहे. ऊन चढतं, गुरुजींना पुढच्या कामाची घाई आहे.

इथेच थांबायचं. पुस्तिकेत जाणाऱ्या सारांशात शेवट देऊ नये. मोठा सारांश मात्र निवडणाऱ्यांसाठी असतो, विशेषतः पटकथा स्पर्धेत किंवा निर्मिती-निधीच्या अर्जात. तिथे शेवट लपवला तर लेखकालाच तो सुचलेला नाही, असा समज होतो. आणि ‘स्त्रीचं समाजातलं स्थान’, ‘परंपरा आणि आधुनिकता’ हे सगळं जिथे शोभतं अशी जागा फॉर्मवर वेगळी असते: दिग्दर्शकाचं मनोगत. ते तिथेच ठेवावं.

भाषेबद्दल थोडं. गोष्ट चालू वर्तमानकाळात लिहायची. आपल्याकडच्या इंग्रजीतले काही शब्द बाहेर चालत नाहीत: ‘एक्सपायर’ औषध होतं, माणूस नाही, ‘पास आउट’ झाला म्हटलं तर नायक पदवीधर न होता बेशुद्ध पडतो. नात्यांचे शब्द सबटायटलशी जुळवून घ्यावेत. सबटायटलमध्ये ‘दादा’ तसंच ठेवलं असेल आणि सारांशात थोरला भाऊ सदाशिव म्हणून आला, तर पाहणारा दोन वेगळी माणसं शोधत बसतो. नावाचं स्पेलिंगही पोस्टर, सबटायटल आणि फॉर्म या तिन्ही ठिकाणी एकच हवं.

शीर्षकाचे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ बाहेरही ‘पिस्तुल्या’च राहिला, कारण ते माणसाचं नाव आहे, ‘पावसाचा निबंध’ मात्र ‘अ‍ॅन एसे ऑफ द रेन’ झाला. ‘दहावा’ नुसतं रोमन लिपीत लिहिलं तर बाहेरच्याला काहीच सांगत नाही, म्हणून ‘द टेन्थ डे’ हे नाव जोडावं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेगळ्याच जागी. सारांश पटकथेवरून लिहिलेला असतो, आणि चित्रपट दरम्यान संकलनात बदललेला असतो. आजारपणाचा प्रसंग कापला, म्हणजे ‘थोरल्यालाही ठाऊक आहे’ हे आता फक्त सुमनच्या शेवटच्या वाक्यातून कळतं. सारांशात ते आधीच आलं, तर शेवट वाया गेला. चौदा पानांचा चित्रपट अठरा मिनिटांचा झाला असेल, तर फॉर्मवर अठराच लिहावी लागतात, आणि कानच्या लघुपट स्पर्धेसारख्या पंधरा मिनिटांची मर्यादा असलेल्या ठिकाणी तो पाठवताच येत नाही.

म्हणून पटकथेवरून पहिला खर्डा करा, पण शेवटचा मजकूर अंतिम संकलन पाहूनच पक्का करा. मग तो मराठी न येणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, सुमन सही का करत नाही? त्याला उत्तर देता आलं, तर फॉर्म भरायला हरकत नाही.