तीनदा म्हणा, मग थांबा

२००० साली सुरू झालेल्या ‘डोरा द एक्सप्लोरर’ या कार्टून मालिकेत स्वायपर नावाचा कोल्हा वस्तू पळवायला येतो. त्याला अडवायला डोरा एकच छोटं वाक्य तीनदा म्हणते. पहिल्यांदा मूल ऐकतं, दुसऱ्यांदा ओळखतं, तिसऱ्यांदा स्वतःच म्हणू लागतं. प्रश्न विचारल्यावर डोरा काही क्षण थांबते, कारण ती जागा मुलाच्या उत्तरासाठी असते.

भावना मात्र थेट सांगावी लागते. ‘उशीर झाला तर आई काळजी करेल, म्हणून निघायला हवं,’ या वाक्यात लहान मूल कारणांतच अडकतं. ‘अंधार पडला. मला भीती वाटते. घरी चल!’ हे लगेच कळतं.

लिहिलेला संवाद मोठ्याने वाचून पाहावा. एका श्वासात न मावणारं वाक्य तोडावं.