सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही

जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडखळायला लागले की ग्राफिक्स कार्डाच्या पाठोपाठ नजर प्रोसेसरकडे जाते. दुकानात पहिला प्रश्न सॉकेटचाच येतो आणि तो बरोबरच आहे, कारण सॉकेट वेगळं असेल तर प्रोसेसर बसणारच नाही. पण सॉकेट जुळल्यावर चौकशी थांबवली, तर पैसे वाया जाऊ शकतात.

इंटेलचं एलजीए ११५१ हे सॉकेट याचं ठळक उदाहरण. आय५-६५०० हा २०१५चा प्रोसेसर एच११० चिपसेटच्या बोर्डवर चालतो. २०१७च्या शेवटी आलेल्या आठव्या पिढीच्या आय७-८७००केलाही तेच ११५१ संपर्कबिंदू आहेत, तरी तो एच११०वर चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. त्यामुळे एच११०वाल्याची धाव सातव्या पिढीच्या चार कोअरच्या आय७पर्यंतच, तीही बायॉस अद्ययावत केल्यावर. एवढ्यासाठी आज खर्च करावा असं मला वाटत नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट निराळी आहे. २०१८ साली बी४५० चिपसेटचा बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतलेल्यांचं उदाहरण घेऊ. २०२० साली कंपनीने ५००० मालिका या बोर्डांवर चालणार नाही असं सांगितलं होतं. ग्राहकांनी जोरदार नाराजी दाखवल्यावर तो निर्णय बदलला. त्यामुळे २०२४च्या जानेवारीत आलेला रायझन ७ ५७००एक्स३डीसुद्धा या जुन्या बोर्डांवर बसू शकतो. त्यात ९६ एमबी एल३ कॅशे आहे. गेमला लागणारा डेटा मोठ्या प्रमाणात प्रोसेसरजवळच राहतो, रॅमकडे हेलपाटे कमी होतात आणि अनेक गेममध्ये फ्रेम वाढतात.

मात्र ‘बी४५०वर चालतो’ एवढं कळून भागत नाही. आपल्या बोर्डवर चालतो का, हे पाहावं लागतं. विंडोजच्या सर्चमध्ये `msinfo32` टाइप करा. उघडणाऱ्या यादीत `BaseBoard Product` समोर बोर्डचं नाव असतं आणि `BIOS Version/Date` समोर बायॉसची आवृत्ती. नाव अक्षर न् अक्षर टिपून घ्या. गिगाबाइटचे `B450M DS3H` आणि `B450M DS3H V2` हे दोन वेगळे बोर्ड आहेत आणि एकाची बायॉस फाइल दुसऱ्यासाठी नसते. काही बोर्डांवर ‘rev’ पुढे छापलेला आकडाही महत्त्वाचा असतो.

मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची ‘CPU Support’ यादी उघडा. तिथे प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणती बायॉस आवृत्ती हवी ते दिलेलं असतं. शेवटचा शब्द या यादीचा. प्रोसेसर यादीत आहे पण आपला बायॉस जुना आहे, असं दिसलं तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायॉस बदला. आधी प्रोसेसर बदलला तर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो आणि माणूस नवा प्रोसेसर खराब निघाला असं समजतो. बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस असलेला बरा. डाउनलोडखालची टीपही वाचा. बायॉसच्या छोट्या चिपमध्ये जागा करण्यासाठी काही आवृत्त्यांतून जुन्या प्रोसेसरचा आधार काढलेला असतो आणि मग मागे फिरता येत नाही.

विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच सुरुवातीला एफटीपीएम रीसेट करायचं का, असं विचारलं जातं. की हाताशी नसताना `Y` दाबलं तर आपल्याच डिस्कला कुलूप लागून बसतं.

राहिला प्रश्न विजेचा. २६०० हा ६५ वॅटचा, ५७००एक्स३डी १०५ वॅटचा. सॉकेटभोवतीच्या ज्या भागातून प्रोसेसरला वीज मिळते त्याला व्हीआरएम म्हणतात. स्वस्त बोर्डांवर त्याच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टीसुद्धा नसते. गेममध्ये हा प्रोसेसर सहसा पूर्ण वीज ओढत नाही, पण व्हिडिओ रेंडरिंगसारख्या लांब कामात व्हीआरएम तापतो आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. ओळखायचं कसं? एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान ठीक दिसतं, तरी घड्याळवेग मधेच कोसळतो. ५७००एक्स३डीसोबत कूलर येत नाही आणि २६००चा छोटा कूलर त्याला अपुरा आहे, म्हणून तो खर्चही धरा. पट्टी नसलेला बोर्ड असेल तर मी ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० घेईन. कूलर त्याच्या पेटीतच मिळतो आणि २६००च्या तुलनेत गेममधला फरक तरीही स्पष्ट जाणवतो.