पैसे घ्यायला सही लागत नाही

खडेबाजारात चहाच्या गाड्यापासून कापडाच्या दुकानापर्यंत आज जिथे तिथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन टांगलेला दिसतो. त्यावर मोबाईल धरायचा, पिन दाबायचा, की काम झाले. ही यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली. मात्र आपल्याकडे पैसे येणार अशा समजुतीत माणूस स्वतःच्या हाताने ते देऊन बसतो, असा एक प्रकार तिच्या आडून चालतो. तो समजावून सांगण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

माझ्या एका वर्गमित्राने वसतिगृह सोडताना आपले टेबल २,५०० रुपयांस विकण्याची जाहिरात मोबाईलवर दिली. तासाभरात फोन आला. बोलणाऱ्याने आपण लष्करात आहोत असे सांगितले, घासाघीस केली नाही, टेबल पाहण्याचीही इच्छा दाखवली नाही. "आमच्याकडून पैसे घ्यायची पद्धत वेगळी आहे, मी कोड पाठवतो तो स्कॅन करा," असे तो म्हणाला. पहिला कोड ५ रुपयांचा होता. मित्राने तो स्कॅन केला आणि लगेच त्याच्या खात्यात १० रुपये आले. त्याचा विश्वास बसला. वास्तविक त्या वेळी दोन वेगळे व्यवहार झाले होते. मित्राचे ५ रुपये गेले होते आणि त्या गृहस्थाने स्वतंत्रपणे १० पाठवले होते. पुढचा कोड २,५०० चा आला, पिन दाबताच तेवढी रक्कम गेली. "चुकून उलटे झाले, आता ५,००० चा कोड घ्या, त्यात तुमचे परत आणि टेबलाची किंमत दोन्ही येतील," असे उत्तर मिळाले. तेही गेले. हिशेब केला तर ७,४९५ रुपयांचा फटका बसला.

त्या चौकोनात असते तरी काय? साध्या अक्षरांत मांडले तर असा मजकूर:

```
upi://pay?pa=xyz@bank&am=2500&cu=INR&tn=RECEIVE+2500
```

यातील `pay` म्हणजे 'द्या'. `pa` हा पैसे ज्याला पोचायचे त्याचा पत्ता, `am` ही रक्कम आणि `tn` ही टीप. टीप कोड बनवणारा मनाला येईल ती लिहितो. तिथे `RECEIVE` लिहिले म्हणून पैशांचा प्रवाह उलटा फिरत नाही. ज्याने कोड स्कॅन केला तो देणारा, आणि ज्याचा कोड तो घेणारा, एवढाच याचा अर्थ.

याच युक्तीचे थोरले भावंड म्हणजे मागणीची सूचना, म्हणजेच कलेक्ट रिक्वेस्ट. त्यात समोरचा आपल्या मोबाईलवर रकमेची मागणी पाठवी, सोबत 'पैसे मिळवा' अशी टीप जोडी, आणि आपण होकार देऊन पिन दाबला की रक्कम आपल्याच खात्यातून जाई. अशा फसवणुका वाढल्यामुळे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. परंतु कोडची युक्ती त्यामुळे थांबत नाही. तिथे व्यवहाराची सुरुवात आपण स्वतः करतो, आणि योग्य पिन पडला की बँकेच्या दृष्टीने ती खातेदाराची संमतीच ठरते.

शिकलीसवरली माणसेही यात का सापडतात? मला वाटते, जुनी सवय नडते. आपल्या आजोबांना मनीऑर्डरचे पैसे घेताना सही करावी लागे. त्यामुळे पैसे मिळण्यापूर्वी काहीतरी करून द्यावे लागते, हे आपल्याला विचित्र वाटत नाही. पण यूपीआयचा पिन ही मनीऑर्डरवरची सही नव्हे, ती धनादेशावरची सही आहे. पैसे आपल्याकडे येण्यासाठी समोरच्याला आपला क्रमांक किंवा आपला कोड पुरतो; आपण काहीच दाबावे लागत नाही. मात्र पिन मागितला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. यूपीआय लाइट चालू असेल तर छोटी रक्कम पिनशिवायही जाते.

म्हणून पिन दाबण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर वाचावा. तिथे `Pay` किंवा `Paying` हा शब्द आणि कोणा परक्याचे नाव दिसले, तर फोनवरचा माणूस काहीही सांगो, पैसे जाणार आहेत. तो सारखे बोलत राहतो तेही आपण हे वाचू नये म्हणूनच.

आणि गेलेच तर? त्याच्याशी वाद घालीत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक द्यावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. ते पैसे थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच अडवले गेले, तरच ते परत मिळण्याची काही आशा राहते.